मसुदा त्यानेच लिहून आणला, मी सही करू का?

वाचकाचं पत्र

चाकण एमआयडीसीत अ‍ॅल्युमिनियम डायकास्टिंगच्या कारखान्यात मी क्वालिटी मॅनेजर आहे. माझ्या टीममधला एक इंजिनिअर महिनाअखेर दुसऱ्या कंपनीत सप्लायर क्वालिटीला जातोय. पावणेचार वर्षं आमच्याकडे आहे, त्यातलं पहिलं वर्ष अप्रेंटिस. शेवटची सव्वादोन वर्षं माझ्या हाताखाली. तिकडचे मॅनेजर शिफारसपत्र मागतायत. मी म्हटलं, मसुदा तूच आण. त्याने आणला, त्यात ‘पावणेचार वर्षं इंजिनिअर’ आणि ‘संपूर्ण क्वालिटी विभाग सांभाळला’ असं लिहिलंय. मुलगा खरंच हुशार आहे. गेल्या थंडीत पहिल्या पाळीत लीक टेस्टला माल धडाधड नापास होत होता. प्रॉडक्शनवाले लिमिट वाढवा म्हणत होते, याने हात लावू दिला नाही. नापास झालेले ३० पार्ट तासभर ठेवून परत तपासले, १९ पास झाले. वॉशिंग मशीनमधून गरम आलेला पार्ट लगेच टेस्टला लागत होता. थंड व्हायला वेळ दिल्यावर रिजेक्शन ४.२ टक्क्यांवरून १.६ वर आलं. पण रिपोर्ट द्यायला कायम उशीर करतो, अप्रेझलमध्येही मी तसं लिहिलंय. एचआर म्हणतं लेटरहेडवर द्यायचं नाही. काय करू?

— एक वाचक, मोशी

उत्तर

त्या मसुद्यावर सही करू नका. तो फेकूनही देऊ नका, कारण आपल्या कामातलं त्याला स्वतःला काय मोठं वाटतं हे त्यातून कळतं. मसुदा बाजूला ठेवा आणि पत्र तुम्ही लिहा. तुमच्याकडे जो मालमसाला आहे तो त्याच्या मसुद्यात आलेलाच नाही.

आधी एचआरचं बघू, कारण पत्राचा कागद कुठला आणि सहीखाली काय लिहायचं हे त्यावर ठरतं. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवपत्र ही कंपनीची कागदपत्रं आहेत. तो कधीपासून कधीपर्यंत होता आणि कुठल्या हुद्द्यावर होता एवढंच ती सांगतात, आणि ती एचआरच देणार. शिफारसपत्र म्हणजे त्याच्या कामाबद्दल एका माणसाचं मत. तेच मत लेटरहेडवर गेलं की ते कंपनीचं म्हणणं ठरतं. तुमच्या बाबतीत एचआरची काळजी रास्तच आहे. अप्रेझलमध्ये ‘रिपोर्ट वेळेवर येत नाहीत’ अशी नोंद आहे आणि त्याच कंपनीच्या लेटरहेडवर ‘वेळेचा काटेकोर’ असं छापून गेलं, तर उद्या वाद झाला की हे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले जातात.

फक्त ‘लेटरहेडवर नाही’ हा तोंडी निरोप पुरेसा धरू नका. काही कंपन्यांत लेटरहेड वापरायला मनाई असते, पण मॅनेजरने स्वतःच्या नावाने लिहायला हरकत नसते. काही ठिकाणी मॅनेजरने कुठल्याही रूपात शिफारस द्यायची नाही असाच नियम असतो. त्यात फोनवरची शिफारस येते आणि लिंक्डइनवरची सुद्धा, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. म्हणून एचआरला दोन ओळींची मेल टाका: ‘अमुक यांना मी वैयक्तिक शिफारसपत्र देऊ इच्छिते. साध्या कागदावर, कंपनीचा शिक्का न वापरता, माझा हुद्दा फक्त ओळखीपुरता लिहून. कंपनीच्या धोरणानुसार चालेल का, कृपया कळवावं.’ उत्तर लेखी आलं की प्रश्न मिटला. ‘नाही’ आलं, तर त्या मुलाला त्याच दिवशी सांगा, म्हणजे त्याला तिकडे कळवता येईल. चोरून खासगी मेलवरून पत्र पाठवण्यात दोघांचंही नुकसान आहे, कारण पडताळणीचा फोन शेवटी एचआरकडेच येतो.

‘हो’ आलं, तर साधा ए-फोर कागद घ्या. वर तुमचं नाव आणि खासगी ईमेल, खाली सही, सहीखाली हुद्दा. आणि पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य घाला: ‘हे मत माझं वैयक्तिक आहे, कंपनीचं अधिकृत निवेदन नाही.’ या वाक्याने पत्राचं वजन कमी होईल असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. वाचणारा मॅनेजर तुमच्यासारखाच कुठल्या तरी कंपनीत बसलेला असतो, त्याला हे वाक्य का आहे ते बरोबर समजतं.

आता तारखा. मसुद्यातली सगळ्यात महागात पडणारी चूक ‘पावणेचार वर्षं इंजिनिअर’ ही आहे. अप्रेंटिस कायदा, १९६१ खाली घेतलेला उमेदवार कायद्याच्या नजरेत प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे, आणि त्या काळात त्याचा पीएफ कापला जात नाही. म्हणजे त्याच्या पीएफच्या नोंदीत नोकरी पावणेतीन वर्षांची दिसणार. नवीन कंपनी ज्या एजन्सीकडून पडताळणी करून घेते, ती एजन्सी अनुभवपत्र आणि यूएएनवरची नोंद एकमेकांशी ताडून बघते. तुमच्या पत्रात एक वर्ष जास्त निघालं, तर ते कोणी तुमच्या ढिसाळपणावर ढकलत नाही. उमेदवाराने अनुभव फुगवला, अशी नोंद होते. हातात आलेली नोकरी एवढ्यावरून अडकू शकते. म्हणून कालावधी तोडून लिहा: आधी एक वर्ष अप्रेंटिस, मग अमुक तारखेपासून क्वालिटी इंजिनिअर, आणि त्यातली सव्वादोन वर्षं थेट माझ्या हाताखाली. रुजू झाल्याची तारीख आणि हुद्द्याचं नेमकं नाव एचआरकडून घ्या, त्याच्या तोंडी आठवणीवरून नको. नावाचं स्पेलिंग पॅन कार्डाप्रमाणे ठेवा. आणि तो अजून नोटीस पिरियडमध्ये आहे, तर ‘कार्यमुक्त झाले’ असं आधीच लिहू नका. ‘सध्या कार्यरत आहेत आणि नोटीस कालावधी पूर्ण करत आहेत’ असं लिहा.

‘माझ्या हाताखाली सव्वादोन वर्षं’ हा तुकडा शब्द वाढवण्यासाठी नाही. त्याच्या आधीच्या काळाबद्दल तुम्ही ऐकलेलं असेल, पाहिलेलं नाही. पत्र वाचणारा सगळ्यात आधी हेच शोधतो, की लिहिणाऱ्याने हे काम किती जवळून आणि किती दिवस पाहिलंय. त्यानंतरच पुढच्या वाक्यांवर किती विश्वास ठेवायचा ते तो ठरवतो.

‘संपूर्ण क्वालिटी विभाग सांभाळला’ हे वाक्यही काढायलाच हवं, आणि ते तुमचा अपमान होतो म्हणून नव्हे. सप्लायर क्वालिटीचा मॅनेजर हे वाचून पहिल्याच आठवड्यात विचारेल, किती जण तुला रिपोर्ट करत होते, कस्टमर ऑडिटला समोर कोण बसायचं, पीपीएपीवर, म्हणजे नव्या पार्टच्या मंजुरीच्या कागदांवर, सही कोणाची होती? तिन्ही प्रश्नांना त्याला तुमचं नाव घ्यावं लागेल. त्याऐवजी त्याच्याकडे खरोखर जे होतं तेच नेमकं लिहा: मशिनिंगनंतरची लीक टेस्ट, अंतिम तपासणी, जे काही असेल ते. छोटी पण ठोस जबाबदारी वाचणाऱ्याला पटते.

त्याच्याकडून आता नवा मसुदा मागू नका, माहिती मागा. नवीन जागेचं कामाचं वर्णन घ्या, पगाराचा आकडा सोडून. पत्र ज्यांच्या नावाने जायचं त्यांचं नाव आणि हुद्दा घ्या, म्हणजे ‘ज्याच्याशी संबंधित असेल त्यास’ अशी भोंगळ सुरुवात टळते. आणि गेल्या दोन वर्षांतली त्याला महत्त्वाची वाटणारी तीन कामं, प्रत्येकी दोन ओळींत. कंपनीचा कुठलाही रिपोर्ट स्वतःच्या मेलवर पाठवायचा नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. सोडून जाताना उत्साहाच्या भरात मुलं एट-डीचे, म्हणजे तक्रार आठ पायऱ्यांत सोडवल्याचे, रिपोर्ट पेनड्राइव्हवर घेतात आणि आयटीच्या तपासणीत सापडतात.

तुमच्या प्रश्नात लीक टेस्टची हकिगत तुम्ही चार ओळींत उरकलीत, आणि मसुद्यात ती दिसत नाही. पत्राचा गाभा तीच आहे. ती किती बोलकी आहे ते बघा. चाचणी चालू असताना गरम पार्ट निवत जातो, आत कोंडलेल्या हवेचा दाब त्याबरोबर उतरतो, आणि यंत्र ते गळती म्हणून दाखवतं. थंडीतल्या सकाळी हा फरक जास्त पडतो. अशा वेळी दोन सोप्या वाटा असतात: कास्टिंगमध्ये पोरॉसिटी, म्हणजे बारीक छिद्रं, आहेत म्हणून फाउंड्रीवर ढकलायचं, नाहीतर लिमिट सैल करायचं. त्याने दोन्ही केलं नाही. आधी नापास पार्ट पुन्हा तपासून खरी गळती आणि खोटी गळती वेगळी काढली. सप्लायर क्वालिटीत त्याला रोज हेच करायचं आहे. व्हेंडरच्या शॉपवर उभं राहून दोष पार्टचा आहे की मोजणीचा, हे ओळखायचं. म्हणून त्याच्या तीन कामांपैकी हे एकच पूर्ण सांगा, बाकीची दोन एका ओळीत उरका किंवा सोडून द्या.

लिहिताना मात्र हीच हकिगत जशीच्या तशी बाहेर जाता कामा नये. ४.२ आणि १.६ हे तुमच्या कंपनीचे आतले आकडे आहेत. पत्र कोणाकोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही, आणि ती कंपनी तुमच्याच कस्टमरला माल देणारी निघाली तर हा आकडा तुमच्याविरुद्ध वापरला जाईल. प्रमाण सांगा, आकडा नको: ‘निम्म्याहून खाली आलं’. कस्टमरचं नाव, पार्टचं नाव, चाचणीचा दाब, लिमिट हे काहीच लिहू नका. ३० आणि १९ हेसुद्धा गाळा. त्यातून त्याची पद्धत कळते हे खरं, पण तुमच्याकडे चांगला माल नापास होत होता हेही कळतं.

प्रॉडक्शनच्या दबावाचं वाक्य सगळ्यात नाजूक. ‘लिमिट वाढवण्याचा आग्रह होता, त्यांनी तो मोडून काढला’ असं लिहिलंत, तर मुलाचं कौतुक होतं आणि तुमच्या कारखान्यात लिमिटशी खेळ चालतो असा अर्थही निघतो. तीच गोष्ट ‘चाचणीची मर्यादा आहे तीच ठेवून’ या पाच शब्दांत येते. ज्याला या धंद्याची जाण आहे, तो त्या शब्दांवर थांबेल आणि समजायचं ते समजेल.

पत्र इंग्रजीत जाणार हे उघड आहे. तरी आधी मराठीत, समोर बसलेल्या ओळखीच्या मॅनेजरला सांगितल्यासारखं लिहून काढा आणि मग इंग्रजी करा. थेट इंग्रजीत बसलं की ‘सिन्सिअर, हार्डवर्किंग, डायनॅमिक’ ही ठरलेली रांग आपोआप उतरते, आणि ती कोणालाही लागू पडते. गाभ्याचा भाग साधारण असा होईल:

*‘श्री. अ. ब. यांचं काम मी गेली सव्वादोन वर्षं त्यांची थेट वरिष्ठ म्हणून पाहते आहे. मशिनिंगनंतरची लीक टेस्ट आणि अंतिम तपासणी त्यांच्याकडे होती. एका हिवाळ्यात सकाळच्या पाळीत नापास मालाचं प्रमाण अचानक वाढलं. पहिला संशय कास्टिंगमधल्या पोरॉसिटीवर होता. श्री. अ. ब. यांनी निष्कर्ष काढण्याआधी नापास पार्ट थंड होऊ दिले आणि पुन्हा तपासले. त्यातून खरी गळती असलेले पार्ट वेगळे निघाले आणि बाकीच्यांचं कारण चाचणीच्या वेळचं तापमान आहे हे दिसलं. चाचणीची मर्यादा आहे तीच ठेवून त्यांनी धुलाई आणि चाचणी यांच्यामध्ये थंड होण्याची पायरी सुचवली. टीमने ती अमलात आणल्यावर नापास मालाचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. दोष कुठे आहे हे ठरवण्याआधी मोजणी तपासण्याची ही सवय मी त्यांच्यात इतर कामांतही पाहिली आहे.’*

यात ‘सुचवली’ आणि ‘टीमने अमलात आणली’ हे दोन शब्दप्रयोग जाणूनबुजून वेगळे ठेवलेत. शोध त्याचा होता, पण पार्ट थंड करायचा रॅक बनवला असेल मेंटेनन्सने आणि पाळीत वेळ काढून दिला असेल प्रॉडक्शनने. सगळं श्रेय एकट्याला दिलंत, तर अनुभवी वाचकाला ते खोटं वाटतं. आणि शेवटचं वाक्य तेव्हाच ठेवा, जेव्हा तुम्हाला आणखी एक तसा प्रसंग आठवतोय. फोनवर नेमका तोच विचारला जाईल.

आता उशिराच्या रिपोर्टचं काय? पत्रात उणिवांची यादी द्यायची नसते, तसा दंडकही नाही. पण त्या बाबतीत उलटं कौतुक करायचं नाही, एवढं पाळाच. ‘वक्तशीर’, ‘कागदपत्रात चोख’ यातलं काही लिहू नका, त्या जागी गप्प राहा. गप्प राहणं खोटं नाही. ‘काम समाधानकारक’ अशी कोमट वाक्यंही नकोत, कारण शिफारसपत्रात ‘समाधानकारक’ म्हणजे जेमतेम असाच अर्थ घेतला जातो.

फोनवर मात्र हा प्रश्न येणार, कारण सप्लायर क्वालिटीत व्हेंडरचे एट-डी वेळेत बंद करून घेणं हे अर्धं काम असतं. तेव्हा ‘थोडा आळशी आहे’ असं ढोबळ बोललात तर मुलाचं नुकसान होईल, आणि ‘काहीच अडचण नाही’ म्हणालात तर तुमचा शब्द खोटा पडेल. जे दिसलं ते नेमकं सांगा. उदाहरणार्थ, तक्रार आल्यावर माल अडवणं आणि वेगळा काढणं, म्हणजे तिसऱ्या पायरीपर्यंतचं, डी-थ्रीपर्यंतचं काम तो वेळेत करतो का? उशीर होतो तो कंट्रोल प्लॅन आणि एफएमईए हा संभाव्य दोषांचा तक्ता सुधारण्यात, म्हणजे डी-सेव्हनला का? तसं असेल तर तसंच सांगा, आणि दर आठवड्याला पाठपुरावा केला की काम निघतं का हेही सांगा. नवीन मॅनेजरला याचा खरा उपयोग होतो. कारण माणूस नाकारायचा की नाही यापेक्षा त्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं, हे त्याला त्यातून कळतं.

हे सगळं त्याला आधी सांगून ठेवा. पंधरा मिनिटं बसवा आणि म्हणा, ‘पत्रात मी हे लिहितेय. रिपोर्टचं विचारलं तर मी असं असं सांगणार आहे.’ त्याला वाईट वाटेल कदाचित, पण मुलाखतीत तोच प्रश्न आला तर तो तुमच्या बोलण्याशी जुळेल असं खरं उत्तर देईल. दोघांची उत्तरं वेगळी निघाली की संशय त्याच्यावरच येतो.

शेवटच्या ओळीत स्पष्ट मत द्या. ‘माझ्या टीममध्ये जागा निघाली तर मी त्यांना पुन्हा घेण्याची शिफारस करेन’ हे वाक्य वाचणारे शोधतातच. मनापासून वाटत असेल तर लिहा. ‘कंपनी त्यांना पुन्हा घेईल’ असं मात्र नको, तो शब्द द्यायचा अधिकार तुमचा नाही. तो का सोडतोय, किती पगार होता, लग्न झालंय का, तब्येत कशी असते, गाव कुठलं, यातलं काहीही पत्रात येऊ नये. ‘अविवाहित असल्याने जादा वेळ थांबतात’ यासारखी वाक्यं आजही चांगल्या हेतूने लिहिली जातात. ती वाचताना खटकतात आणि त्यांचा काही उपयोगही नाही.

लांबी एक पान, इंग्रजीत साधारण तीनशे शब्द. दुसऱ्या पानावर गेलं, तर दुसरा प्रसंग काढा, पहिला कापू नका. तारीख घाला, शाईने सही करा, स्कॅन करून पीडीएफ द्या. वर्डची फाइल त्याच्या हातात देऊ नका. मुलगा प्रामाणिक असला तरी ती फाइल पुढे कुठे जाईल यावर त्याचाही ताबा नसतो. एक प्रत स्वतःकडे ठेवा. हे सगळं त्याच्या शेवटच्या दिवसाच्या निदान आठवडाभर आधी उरका. हँडओव्हर आणि फुल अँड फायनलच्या गडबडीत पत्र राहून जातं, आणि एकदा तो बाहेर पडला की तारखा ताडून बघायला एचआरच्या मागे लागणं दोघांनाही जड जातं.

पडताळणीचा फोन अनोळखी मोबाइलवरून आला, तर लगेच बोलू नका. त्यांच्या कंपनीच्या ईमेलवरून दोन ओळी मागवा आणि मुलाला विचारून खात्री करा की हे लोक खरंच त्याच्या नव्या कंपनीचे आहेत. मग पत्राची प्रत समोर ठेवून बोला. पगार, हजेरी किंवा अप्रेझलचं रेटिंग विचारलं, तर ‘ते एचआरकडून घ्या’ एवढंच सांगा आणि पुन्हा त्या लीक टेस्टच्या हकिगतीवर या.